विभागप्रमुख बदलतानाचे एक पानी परिपत्रक

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत वितरण ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या एका कारखान्यात मी मनुष्यबळ विभागाचे काम पाहते. गेल्या मार्चअखेरीस आमचे गुणवत्ता विभागाचे प्रमुख निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी बाहेरच्या कारखान्यातून एक बेन आल्या. त्याच वेळी दोन गटांचे वरिष्ठही बदलणार होते. आवक मालाची तपासणी करणारे पाच जण आजवर स्टोअर्सच्या प्रमुखांच्या हाताखाली होते, ते गुणवत्ता विभागाकडे यायचे होते. आणि ग्राहकांकडे जाऊन तक्रारी पाहणारे दोन अभियंते गुणवत्ता विभागाकडून सेवा विभागाकडे जायचे होते. हे सगळे कर्मचाऱ्यांना सांगणारे एक पानाचे परिपत्रक काढायचे काम माझ्याकडे होते. त्या एका पानाला मला तीन आठवडे लागले. त्यातला वेळ कुठे गेला आणि माझ्या हातून काय सुटले, ते इथे लिहीत आहे.

पहिला मसुदा मी एका संध्याकाळी बसून लिहिला. अशा परिपत्रकांत जे शब्द नेहमी येतात तेच त्यात होते. निवृत्त होणाऱ्या प्रमुखांचे, म्हणजे आमच्या साहेबांचे, ‘अनमोल योगदान’, ‘अथक परिश्रम’, आणि पुढच्या परिच्छेदात बेनच्या नेतृत्वाखाली विभागाला ‘नवी दिशा’ मिळेल, असे. साहेब मूळचे दांडिया बाजारातले; आमचे बोलणे मराठीतच होते. त्यांनी तो कागद वाचला, खिशातून पेन काढले आणि ‘अनमोल’ शब्दाभोवती गोल काढून म्हणाले, “ताई, हे वाक्य उद्या कँटीनचे कंत्राटदार सोडून गेले तर त्यांनाही चालेल. मी काय केलं ते लिहा, नाही तर काहीच लिहू नका.” मग त्यांनी ‘नवी दिशा’वर बोट ठेवले. ते काही बोलले नाहीत, पण दिशा नवी असेल तर जुनी चुकीची होती असेच वाचणारा धरेल, हे मला तिथेच कळले. नव्या माणसाचे कौतुक म्हणून लिहिलेले ‘बळकट करण्यासाठी’, ‘गती देण्यासाठी’ यांसारखे शब्द जाणाऱ्या माणसाच्या वाट्याला ठपका म्हणून येतात. परिपत्रक तयार झाल्यावर मी नव्या प्रमुखांविषयीचे प्रत्येक वाक्य पुन्हा वाचले, आणि ते उलटे केले तर जुन्या प्रमुखांविषयी काय म्हटले जाते, एवढेच पाहिले. तीन वाक्ये त्या कसोटीवर गळाली.

साहेबांनी काय केले, हे लिहिण्यासाठी मी शॉपवर दोन दिवस फिरले. दोन गोष्टी प्रत्येकाने सांगितल्या. पहिली लाल कार्डाची. पूर्वी एखादे काम सदोष वाटले तर तपासनीस पर्यवेक्षकाला सांगे, आणि ते काम थांबवायचे की पुढे ढकलायचे हे उत्पादन विभाग ठरवी. साहेबांनी असा नियम करून घेतला की कोणताही तपासनीस, अगदी नवा शिकाऊ असला तरी, कामावर लाल कार्ड लावू शकेल, आणि ते कार्ड फक्त गुणवत्ता विभागच काढेल. दुसरी गोष्ट भट्टीची. कोअर आणि कॉइलची जुळणी भट्टीत वाळवून बाहेर काढली की तिच्यावरचा कागद हवेतला ओलावा पुन्हा शोषू लागतो, त्यामुळे ती टाकीत बसवून तेल भरेपर्यंत किती वेळ गेला याला फार महत्त्व असते. पावसाळ्यात तर अधिकच. ही वेळ पूर्वी कोणाच्या तरी डोक्यात असे. साहेबांनी जॉब कार्डावर दोन रकाने काढले, भट्टीतून काढल्याची वेळ आणि तेल भरल्याची वेळ, आणि ते रोज भरले जातील याची खात्री स्वतः केली.

मला याला आकड्याची जोड द्यायची होती. अंतिम चाचणीत नापास होणारे नग किती कमी झाले, याची टक्केवारी माझ्याकडे होती. साहेबांनी ती काढायला लावली. मधल्या वर्षांत आमच्या ऑर्डरींचे स्वरूप बदलले होते, मोठ्या क्षमतेचे नग कमी आणि लहान जास्त झाले होते, त्यामुळे आधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी मांडणे बरोबर नव्हते, असे त्यांचे म्हणणे होते. ते खरेही होते. शिवाय भट्टीच्या नोंदी ज्या दोन तंत्रज्ञांनी पहिले वर्षभर रोज लिहिल्या, त्यांचा उल्लेख आल्याशिवाय तो परिच्छेद जाणार नाही, असे त्यांनी सांगितले. शेवटी श्रेयाचा परिच्छेद चार वाक्यांचा झाला, त्यात एकही विशेषण उरले नाही, आणि तो वाचून शॉपवरच्या माणसांना आपण कशाविषयी वाचत आहोत हे लगेच समजत होते.

अवघड भाग होता आवक तपासणीचा. ती स्टोअर्सकडून गुणवत्ता विभागाकडे का येत आहे, याचे कारण न सांगता नुसता बदल जाहीर केला असता तर लोकांनी कारण स्वतः बनवले असते. ‘आवक मालाची गुणवत्ता सुधारण्यासाठी’ असे कारण लिहिले असते तर स्टोअर्सच्या प्रमुखांनी आजवर निकृष्ट माल आत घेतला, असा अर्थ निघाला असता. आणि नव्या बेन येताच हा बदल झाला असे दिसल्यास, साहेबांना जे जमले नाही ते त्यांनी पहिल्याच दिवशी केले, असा दुसरा अर्थ. खरे कारण कामाच्या रचनेत होते. माल लवकर उतरवून गाडी मोकळी करणे हे स्टोअर्सचे काम, आणि शंका आली तर माल अडवून धरणे हे तपासनिसाचे काम. लॅमिनेशन, तांब्याच्या पट्ट्या, क्राफ्ट कागद, तेल, या प्रत्येक मालाच्या बाबतीत ही दोन कामे एकमेकांच्या आड येतात. ती दोन्ही एकाच वरिष्ठाकडे असली की त्या वरिष्ठाला स्वतःविरुद्ध निर्णय द्यावा लागतो, मग तो माणूस कितीही चांगला असो.

जुन्या फायली चाळताना मला साहेबांचेच दोन वर्षांपूर्वीचे एक टिपण सापडले. त्यात त्यांनी हीच मागणी केली होती आणि कारणही हेच दिले होते. तेव्हा स्टोअर्सच्या नव्या शेडचे काम चालू असल्याने ती मागे ठेवली गेली. ते टिपण मिळाल्यावर परिपत्रकाची गाठ सुटली. श्रेय आणि बदलाचे कारण हे दोन वेगळे परिच्छेद राहिले नाहीत. परिपत्रक गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत निघाले. मराठीत सांगायचे तर मजकूर असा होता:

“आवक तपासणीतील पाच सहकारी १ एप्रिलपासून गुणवत्ता विभागप्रमुखांना अहवाल देतील. माल उतरवून घेण्याची जबाबदारी आणि तो स्वीकारण्याचा निर्णय यांचे वरिष्ठ वेगळे असावेत, अशी सूचना विद्यमान विभागप्रमुखांनी दोन वर्षांपूर्वी केली होती. शेडचे काम पूर्ण झाल्यामुळे ती आता अमलात येत आहे. आजवर हे काम स्टोअर्स विभागाने सांभाळले. उतरवणे, साठवण आणि नोंद यापुढेही त्यांच्याकडेच राहील.”

शेवटचे वाक्य स्टोअर्सच्या प्रमुखांशी बोलून घातले. त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. तपासनीस आता त्यांचे नसतील, मग तेलाचा टँकर दारात उभा असताना नमुना घ्यायला कोणी आले नाही तर टँकरवाल्याला उत्तर कोण देणार? टँकरमधले तेल टाकीत उतरवण्याआधीच त्याची तपासणी व्हावी लागते, कारण एकदा ते टाकीतल्या तेलात मिसळले की परत वेगळे करता येत नाही. म्हणून बेनशी फोनवर बोलून आम्ही ठरवले की टँकर आल्यापासून चार तासांत निकाल दिला जाईल आणि बाकी मालाचा एका कामाच्या दिवसात. उशीर झाल्यास गुणवत्ता विभागप्रमुख स्वतः उत्तर देतील. हे दोन मुदतीचे आकडे परिपत्रकात गेले, आणि स्टोअर्सच्या माणसांनी त्या पानावर सर्वांत जास्त वाचला तो हाच भाग.

तारखेचा प्रश्नही वाटला तितका साधा नव्हता. आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक ट्रान्सफॉर्मरबरोबर नियमित चाचण्यांचे प्रमाणपत्र जाते आणि त्यावर गुणवत्ता विभागप्रमुखांची सही असते. मार्चअखेरीस ऑर्डरींची घाई असते. ३० किंवा ३१ मार्चला चाचणी झालेल्या नगाचे प्रमाणपत्र टाइप होऊन यायला एखादा दिवस जातो. मग १ एप्रिलला समोर आलेल्या कागदावर सही कोणाची? वीज कंपनीचा तपासनीस असा कागद परत करू शकतो. म्हणून चाचणीची तारीख धरायची असे ठरले. ३१ मार्चपर्यंत चाचणी झालेल्या सर्व नगांची प्रमाणपत्रे त्याच संध्याकाळपर्यंत तयार करून साहेबांनी सह्या करायच्या, आणि ज्यांची होणार नाहीत त्यांची चाचणीच १ एप्रिलला घ्यायची. त्यासाठी शेवटच्या दिवशी दुपारी तीननंतर नवा नग चाचणीला घेतला नाही.

वार्षिक मूल्यमापनाचेही असेच. आमचे वर्ष मार्चला संपते, पण चर्चा एप्रिल-मेमध्ये होतात. ज्या बेनने लोकांचे वर्षभराचे काम पाहिलेले नाही त्यांनी गुण देणे अन्यायाचे होते, आणि साहेब गेल्यावर त्यांना बोलावणेही बरे दिसले नसते. साहेबांनी २५ मार्चपर्यंत आपल्या विभागातल्या प्रत्येकाविषयी लेखी अभिप्राय आणि गुण देऊन ठेवले, आवक तपासणीच्या पाच जणांचे स्टोअर्सच्या प्रमुखांनी दिले, आणि बेन चर्चेला बसतील पण गुण बदलणार नाहीत, असे परिपत्रकात स्पष्ट लिहिले. हे एक वाक्य नसते तर लोकांनी तीन महिने त्याचीच चिंता केली असती.

साहेब निवृत्तीनंतर काही दिवस सल्लागार म्हणून येतील, असा एक प्रस्ताव होता. साहेबांनीच तो नको म्हटले. आपण आवारात दिसलो तर माणसे सवयीने आपल्याकडेच येतील आणि बेनना आपली जागा घेता येणार नाही, असे त्यांनी सांगितले. बेन २० मार्चला रुजू झाल्या, आणि तेव्हापासून ३१ पर्यंत दोघे एका खोलीत बसतील, निर्णय साहेब देतील, १ एप्रिलपासून निर्णय बेन देतील, एवढे लिहून आम्ही तो विषय संपवला.

आता कोणाला कधी सांगायचे, याविषयी. चाचणी प्रयोगशाळेतले एक ज्येष्ठ अभियंता या पदाचे उमेदवार होते आणि सतरा वर्षे इथे होते. त्यांना परिपत्रकातून कळणे क्रूरपणाचे झाले असते. कारखान्याच्या व्यवस्थापकांनी आदल्या दिवशी सकाळी त्यांना बोलावून निर्णय आणि त्याची कारणे सांगितली. मी तिथे होते. त्यांना वाईट वाटले आणि ते त्यांनी लपवले नाही. प्रमुख रजेवर असताना प्रमाणपत्रांवर सही करण्याचा अधिकार आजवर तोंडी त्यांच्याकडे होता. तो लेखी द्यावा, एवढीच मागणी त्यांनी केली, आणि परिपत्रकात ती ओळ आली. त्याच दुपारी सेवा विभागाच्या आणि स्टोअर्सच्या प्रमुखांना अंतिम मजकूर दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी वरिष्ठ बदलणाऱ्या सात जणांशी एकेकट्याने बोलायचे, अकरा वाजता विभागाची बैठक घ्यायची, आणि बैठक संपताच कागद फलकावर लावून मेल पाठवायची, असा क्रम होता.

माझी चूक इथे झाली. सात जणांपैकी एक जण दुपारच्या पाळीत होता, साडेतीनला येणारा. त्याला मेल नाही, फोनवर सांगावे असे मनात आले आणि समोरासमोर सांगणे बरे म्हणून मी थांबले. दरम्यान खरेदी विभागातल्या कोणीतरी क्राफ्ट कागदाच्या पुरवठादाराला सहज सांगून टाकले. त्या दुपारी तो तपासनीस कामावर येत असताना गेटपाशी उभ्या टेम्पोच्या माणसाने त्याला विचारले, “हवे तमे क्वॉलिटीमां गया?” आपले वरिष्ठ बदलले हे त्याला बाहेरच्या माणसाकडून, रस्त्यावर कळले. तो माझ्याकडे आला नाही, थेट आपल्या टेबलाशी जाऊन बसला. मी त्याला शोधत गेले तेव्हा तो रोलच्या कडा तपासत होता आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, “बेन, मने तो गाडीवाळाए कह्युं.” मी माफी मागितली. त्याच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटले असते. सात जणांना सांगून होईपर्यंत बाकी कोणालाही काही कळता कामा नये; पाळीमुळे एक जण दुपारी येणार असेल तर त्याच्यासाठी सकाळी त्याच्या घरी जावे, किंवा सगळीच घोषणा दुपारी चारला ठेवावी, हे मला आधी सुचायला हवे होते.

दुसरी चूक भाषेची, पण ती वेळेत सापडली. इंग्रजी मसुद्यात साहेबांना ३१ मार्चला ‘रिलीव्ह’ केले जाईल असे होते. मराठीत आपण त्याला कार्यमुक्त म्हणतो आणि त्यात कोणाला काही खटकत नाही. गुजराती भाषांतर करणाऱ्याने लिहिले, ‘छूटा करवामां आवशे’. शब्दशः ते बरोबर होते, पण शॉपवर ‘छूटा कर्या’ म्हणजे कामावरून काढले. छपाईच्या आधी आमच्या फोरमननी तो कागद वाचला आणि विचारले, साहेबांनी असे काय केले? तिथे ‘वयनिवृत्त थाय छे’ असे घातले. तेव्हापासून तिन्ही भाषांतला मजकूर, तो ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापैकी एकाला तरी मोठ्याने वाचायला लावल्याशिवाय मी छापायला देत नाही.

परिपत्रकाच्या खाली एक लहान तक्ता होता. प्रत्येक गटासमोर आजवरचे वरिष्ठ, १ एप्रिलपासूनचे वरिष्ठ, रजा कोण मंजूर करणार आणि बसण्याची जागा. जागेचा रकाना मी शेवटच्या क्षणी घातला, आणि आवक तपासणीचे टेबल स्टोअर्सच्या शेडमध्येच राहील हे वाचून त्या पाच जणांना खरा दिलासा मिळाला. ओव्हरटाइमची मंजुरी कोणाची, हा रकाना मात्र राहून गेला. दोन दिवसांत तीन जण तोच प्रश्न घेऊन आले, तेव्हा सुधारित तक्ता काढावा लागला.

रजेची मंजुरी आमच्याकडे संगणकावर होते. १ एप्रिलपासून नवे अर्ज बेनकडे जातील अशी व्यवस्था मी करून घेतली होती, परंतु आधी आलेले आणि मंजूर न झालेले अर्ज साहेबांच्याच खात्यात अडकले, आणि ते खाते ३१च्या रात्री बंद झाले. एका तंत्रज्ञाने बहिणीच्या लग्नासाठी २९ मार्चला टाकलेला अर्ज असाच कोणालाही दिसत नव्हता. त्याने ४ एप्रिलला विचारले म्हणून कळले. पुढच्या वेळेसाठी मी माझ्या यादीत लिहून ठेवले आहे की शेवटच्या दिवशी दुपारी जाणाऱ्या प्रमुखांच्या शेजारी बसून त्यांच्यासमोर पडलेला प्रत्येक अर्ज मंजूर किंवा नामंजूर करून घ्यायचा, एकही शिल्लक ठेवायचा नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी स्टोअर्सच्या शेडमध्ये क्राफ्ट कागदाच्या चार रोलवर लाल कार्ड लटकलेले दिसले. तोच तपासनीस, ज्याला गेटवर कळले होते. कडांना ओल होती. त्याने कार्डावर वेळ, कारण आणि स्वतःचे नाव लिहिले होते, स्टोअर्सच्या प्रमुखांना सांगितले होते आणि बेनना फोन केला होता. बेन खाली आल्या, त्यांनी रोल पाहिले, कार्ड तसेच ठेवले आणि पुरवठादाराला रोल परत न्यायला सांगितले.